स्लाइड वाचून दाखवणाऱ्याला काय विचारायचं? सेमिनारच्या परीक्षकांसाठी

सांगली-सातारा भागातल्या कॉलेजांत सेमिनारचा दिवस आला की एक चित्र ठरलेलं. मुलगा किंवा मुलगी पडद्याकडे तोंड करून उभी, बारा स्लाइडी, प्रत्येकीवर सात-आठ ओळी, आणि त्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायच्या. वाचन संपलं की परीक्षक विचारतो, "ठिबकचे फायदे किती?" त्याचं उत्तर तिसऱ्या स्लाइडवरच असतं. ते पुन्हा वाचलं जातं आणि दहापैकी आठ मार्क पडतात. नाहीतर दुसरं टोक. परीक्षक एखाद्या कोपऱ्यातलं काहीतरी विचारून मुलाला गप्प करतो आणि त्याला काही येत नाही असं ठरवून टाकतो. दोन्ही वेळा विषय समजलाय की नाही हे कळतच नाही.

खालची पद्धत मी परीक्षक म्हणून बसताना वापरतो. सगळं सांगण्यापेक्षा एकच सेमिनार धरतो: 'उसासाठी ठिबक सिंचन'. आपल्याकडे दरवर्षी दोन-तीन जण तरी हा विषय घेतातच. तुमचा विषय वेगळा असला तरी प्रश्नांचा क्रम हाच ठेवा.

## १. वाचन चालू असताना करायची तयारी

कागदाच्या मधून उभी रेघ मारा. डावीकडे 'वाचलं', उजवीकडे 'सांगितलं'. स्लाइडवर नसलेला एखादा शब्द किंवा उदाहरण त्या मुलीच्या तोंडून आलं की उजवीकडे लिहा. "आमच्याकडं पाळीपाळीनं व्हॉल्व्ह सोडतात" हे वाक्य तिने सहज टाकलं आणि ते स्लाइडवर नव्हतं, तर ती विषयात शिरायची वाट आहे. उजवी बाजू कोरी राहिली म्हणून मात्र लगेच काही ठरवू नका. भाषेची भीती असली की जाणकार मुलंही नुसतं वाचतात.

डाव्या बाजूतून तीनच जागा निवडा: एक आकडा, एक आकृती, एक दावा. ठिबकच्या या सेमिनारमध्ये मला मिळाल्या त्या अशा.

आकडा: "एकरी रोज दीड तास ठिबक चालवावे." त्याच स्लाइडवर लॅटरलमधलं, म्हणजे उसाच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्यांमधलं अंतर ५ फूट, ड्रीपरमधलं, म्हणजे त्या नळीवरच्या पाणी टपकणाऱ्या तोट्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर, ड्रीपरचा प्रवाह तासाला २ लिटर आणि उसाची रोजची गरज ५ मिलिमीटर असं दिलं होतं.

आकृती: विहिरीपासून उसापर्यंतची मांडणी, कुठूनतरी उचललेली, रंगीत.

दावा: "ठिबकमुळे ४० ते ५० टक्के पाण्याची बचत होते."

विचारण्याआधी तपासा: निवडलेल्या आकड्याचं गणित तुम्ही स्वतः कागदावर करून ठेवलंय का? हे मी मार खाऊन शिकलो. एकदा एका मुलाला विचारलं, "लॅटरलच्या शेवटाला दाब निम्मा झाला तर साध्या ड्रीपरमधून किती पाणी पडेल?" तो म्हणाला, "साधारण एक पॉइंट चार लिटर." मी तोऱ्यात म्हणालो, "निम्मा दाब, निम्मं पाणी. एक लिटर." तो दबकत म्हणाला, "सर, प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो ना?" त्याचंच बरोबर होतं. निम्म्या दाबाला प्रवाह सुमारे ७१ टक्के राहतो. त्याच्या जागी एखादा भिडस्त मुलगा असता तर त्याने माझं चुकीचं उत्तर मान्य केलं असतं आणि मार्कही गमावले असते.

## २. पडदा काळा करा आणि सोपं काहीतरी काढायला सांगा

स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर B दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. लॅपटॉप बंद करायची गरज नाही. आधी सांगून टाका, "आता स्लाइड नको, आपण बोलू. मराठीत बोललीस तरी चालेल." हे शेवटचं वाक्य विसरू नका. निम्म्या मुलांचा आवाज तिथेच मोकळा होतो.

पहिला प्रश्न उत्तर देता येईल असाच हवा. मी खडू हातात देतो आणि म्हणतो, "विहिरीतलं पाणी उसाच्या मुळाशी कसं पोचतं, फळ्यावर काढ. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील."

बहुतेक मुलं मोटर, फिल्टर, मेन लाइन, सबमेन, लॅटरल एवढं काढतात. आता बघायचं काय? खत सोडायची व्हेंच्युरी कुठे जोडली ते. पाठ केलेल्या मुलाच्या चित्रात ती कुठेही येते, कधी स्क्रीन फिल्टरच्या नंतरसुद्धा. समजलेल्याच्या चित्रात ती सँड फिल्टरच्या नंतर आणि स्क्रीन फिल्टरच्या आधी असते. चुकीची जागा दिसली तरी लगेच 'चूक' म्हणू नका. फक्त विचारा, "खताचा एखादा न विरघळलेला खडा आला तर तो कुठे जाईल?" खरी परीक्षा इथे आहे. ज्याला पाण्याचा रस्ता डोळ्यासमोर दिसतो तो दोन सेकंद चित्राकडे बघतो, "अरे, मग ड्रीपरच चोंदेल की" म्हणतो आणि व्हेंच्युरी पुसून मागे घेतो. अशी चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्याला मी पहिल्या झटक्यात बरोबर काढणाऱ्याइतकेच मार्क देतो. पहिल्या झटक्यात बरोबर काढणाऱ्याने नुसतं चित्र पाठ केलेलं असू शकतं, म्हणून खड्याचा प्रश्न त्यालाही विचारायचाच.

थांबा: प्रश्न विचारून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. आपण मास्तर लोक तीन सेकंदांत अस्वस्थ होतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मग ती मान डोलावते आणि आपण 'समजलंय' असं लिहितो.

## ३. आकडा हलवा

वाचलेला आकडा पुन्हा विचारला तर फक्त स्मरण तपासलं जातं. त्यातला एक घटक बदलला की आकडा कशावर उभा आहे हे समोर येतं. सगळ्यात जास्त वेळ मी इथे देतो, कारण उत्तरात सारवासारव करायला जागा राहत नाही.

आधी दीड तास कुठून आला ते आपल्यापुरतं बघू. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एकर साधारण ४,००० चौरस मीटर धरला तर ५ मिलिमीटर म्हणजे २०,००० लिटर. लॅटरलमधलं अंतर ५ फूट म्हणजे दीड मीटर आणि ड्रीपर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे एका ड्रीपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन येते. एकरात सुमारे ६,६६७ ड्रीपर झाले. प्रत्येकी तासाला २ लिटर, म्हणजे एकरी तासाला सुमारे १३,३०० लिटर. वीस हजाराला या आकड्याने भागलं की दीड तास येतो.

आता प्रश्न. "लॅटरलमधलं अंतर पाचऐवजी सहा फूट केलं. ड्रीपर तेच, ऊस तोच. ठिबक दीड तासापेक्षा जास्त चालवायचं की कमी?"

एवढंच विचारा. आकडा मागू नका, दिशा मागा. पाठ केलेला मुलगा म्हणतो, "दीड तासच सर, उसाला दीड तासच लागतं." कुणी म्हणतं, "कमी, कारण नळ्या कमी झाल्या." या दुसऱ्या उत्तरात विचार आहे, पण उलटा. त्याला पुढे न्या: "नळ्या कमी झाल्या, मग एकरात तासाला पडणारं पाणी वाढलं की घटलं?" समजलेला मुलगा इथे थांबतो, बोटांनी काहीतरी मोजतो आणि म्हणतो, "ड्रीपर कमी झाले, पण जमीन तेवढीच. मग जास्त वेळ लागेल." दिशा बरोबर आली तरच आकडा विचारा. उत्तर सुमारे १ तास ४८ मिनिटं येतं. "पावणेदोन-दोन तास" असं म्हणालं तरी पूर्ण मार्क.

मग शेतावर न्या. "मोटर तासाला २०,००० लिटर देते. पाच एकर ऊस आहे. एका वेळी किती एकर भिजेल?" दीड एकर. म्हणजे पाच एकराचे सव्वा-सव्वा एकराचे चार भाग पाडले की प्रत्येकी दीड तास, एकूण सहा तास. आठ तास वीज असेल तर बसतं. शेवटी, "आज पाचच तास वीज आली. काय करशील?"

याला एकच बरोबर उत्तर नाही आणि म्हणूनच तो कामाचा प्रश्न आहे. एका मुलीने म्हटलं, "तीन भाग पूर्ण भिजवीन, चौथ्याला उद्या आधी." दुसऱ्याने चारही भागांना सव्वा-सव्वा तास दिला आणि वर सांगितलं की एक दिवस थोडं कमी पडलं तरी भारी जमिनीत वाफसा टिकतो, हलक्या मुरमाड रानात मात्र असं करणार नाही. शेवटचं अर्धं वाक्य त्याच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. मी त्याला पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

टाळा: एकाच दमात दोन गोष्टी बदलणं. "अंतर सहा फूट केलं आणि ड्रीपर चार लिटरचा घेतला तर?" असं विचारलं की चुकलेलं उत्तर कुठे चुकलं ते तुम्हालाही कळत नाही.

## ४. दाव्यातला एक शब्द उघडायला सांगा

"४० ते ५० टक्के पाण्याची बचत होते." यातला 'बचत' हा शब्द धरा. "ठिबक नसताना हे पाणी जात कुठं होतं?"

पहिलं उत्तर हमखास येतं: "वाया जात होतं." तिथे सोडू नका. "वाया म्हणजे? पाटातून सोडलेल्या एका बादलीच्या मागं मागं चालत जा आणि मला सांग."

बादलीच्या मागं गेल्यावर काही पाणी पाटातच मुरतं, काही ओल्या मातीवरून वाफ होऊन जातं, काही मुळांच्या खाली उतरतं आणि उरलेलं ऊस पितो. विषय समजलेला मुलगा इथे स्वतःहून म्हणतो की ऊस जे पितो ते ठिबकने कमी होत नाही. पहिल्या तीन वाटा आवळल्या जातात. न समजलेला मुलगा सांगतो, "ठिबकवर उसाला पाणीच कमी लागतं." याच एका वाक्याने दोघं वेगळे होतात आणि स्लाइडवरचा टक्का दोघांचाही सारखाच असतो.

वेळ असेल तर पुढचा प्रश्न: "मुळांखाली उतरलेलं पाणी खरंच वाया गेलं का?" चांगला विद्यार्थी म्हणेल की ते शेजारच्या विहिरीला लागत असेल, मग गावाच्या हिशेबात ती पूर्ण बचत कशी म्हणायची? त्याहून चांगला म्हणेल की आपल्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या रानात तेच पाणी पातळी वर आणतं आणि जमीन खारपड करतं, म्हणून इथे ते खाली न सोडणंच बरं. दोघांची उत्तरं एकमेकांविरुद्ध आहेत आणि दोघांनाही विषय कळलेला आहे. मार्क देताना तुमच्या मताशी कोण जुळतं ते बघू नका.

## ५. जिथे नियम उलटतो तिथे न्या

प्रत्येक विषयात एक अशी जागा असते जिथे नेहमीची शहाणीव चालत नाही. ती जागा परीक्षकाला आधीपासून माहीत हवी. ठिबकमध्ये माझा आवडता प्रश्न असा: "वाळवा-मिरजेकडचं क्षारपड रान आहे, ठिबकवर ऊस आहे. जूनमधला पहिला हलका पाऊस पडला. ठिबक बंद करायचं का?"

सगळे "हो" म्हणतात. पाऊस पडला तर पाणी कशाला द्यायचं? पण ठिबकखाली ओल्या मातीचा जो गोळा तयार होतो, त्याच्या कडेला क्षार साचत जातात. पाणी आतून बाहेर सरकतं आणि जाताना मीठ कडेला ढकलतं. जमीन कोरडी असताना वरवरचा पाऊस झाला तर कडेचं मीठ उलटं मुळांकडे सरकतं. म्हणून अशा रानात पहिल्या हलक्या पावसात ठिबक चालूच ठेवतात, म्हणजे आतून दाब राहतो आणि मीठ बाहेरच राहतं. पाऊस चांगला लागला आणि क्षार खाली धुऊन गेले की मग बंद.

हे उत्तर कुणाला आलंच पाहिजे अशी अपेक्षा नको. म्हणून एक पायरी खाली उतरा: "ठिबकखाली मीठ कुठं साचतं, काढून दाखव." हे बरोबर काढलं तर पावसाचा प्रश्न पुन्हा विचारा आणि चेहरा बघा. ज्याच्या डोक्यात ओल्या गोळ्याचं चित्र आहे तो तुमच्यासमोर उत्तरापर्यंत चालत जातो. अशा वेळी खोलीत बसलेली बाकीची मुलंही मोबाइल खाली ठेवतात.

टाळा: इतिहासाचे आणि नावांचे प्रश्न. ठिबक कुणी शोधलं, पहिल्यांदा कुठल्या साली वापरलं. ते न येणाऱ्यालाही उत्तम ठिबक बसवता येतं.

## ६. घाबरलेला आणि न समजलेला वेगळे ओळखा

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. माझी खूण साधी आहे. प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला की घाबरलेल्याचं उत्तर बदलतं, निदान त्यात एक नवीन शब्द येतो. न समजलेला तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणतो, बहुतेक वेळा स्लाइडवरचंच. दुसरी खूण म्हणजे हात. घाबरलेल्याचे हात खडू मिळाला की कामाला लागतात.

"माहीत नाही, सर" हे उत्तर आलं तर लगेच पुढे जाऊ नका. विचारा, "शोधायचं झालं तर काय करशील?" एका मुलाला मी विचारलं होतं, ड्रीपर चोंदलाय तो चुन्याने की शेवाळाने, कसं ओळखायचं? "माहीत नाही," म्हणाला. मग थोडं थांबून, "ड्रीपर कापून बघेन सर. पांढरं दिसलं तर त्यावर आम्लाचा थेंब टाकेन. फेस आला तर चुनाच." त्याच्या स्लाइडवर फक्त 'आम्ल प्रक्रिया करावी' एवढंच होतं. चुन्यावर आम्ल चालतं, शेवाळाला क्लोरीन लागतं आणि वाळूवर दोन्हींचा उपयोग नाही, हे त्याला पुढच्या दोन मिनिटांत स्वतःच सुचलं.

तपासा: तुमचा प्रश्न 'हो' किंवा 'नाही'वर संपतो का? संपत असेल तर शेवटी "कशावरून?" जोडा. नुसत्या 'हो'ला अर्धी संधी नशिबाची असते.

## ७. मार्क लिहिताना

मुलगी खाली बसायच्या आत लिहा, पुढचा सेमिनार सुरू झाला की सगळं मिसळतं. मी प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एकच खूण करतो. 'प' म्हणजे पाठ केलेलं परत आलं, 'ढ' म्हणजे ढकलल्यावर चालली, 'स्व' म्हणजे स्वतः चालली. त्या दिवशीच्या ठिबकवाल्या मुलीच्या कागदावर आकृतीपुढे 'ढ', आकड्यापुढे 'स्व', दाव्यापुढे 'ढ' आणि पावसापुढे 'प' होतं. तिने बाराच्या बारा स्लाइडी वाचून दाखवल्या होत्या. सादरीकरणाच्या रकान्यात मी तिला दहापैकी चार दिले आणि विषयाच्या समजेला आठ. सोबतच्या परीक्षकांनी दोन्ही रकान्यांत पाच-पाच लिहिले होते. आम्ही तिचा फळा पुसायच्या आत पुन्हा एकदा बघितला, आणि त्यांनी त्यांचा दुसरा पाच खोडून सात केला.